दहा थेंब म्हणजे नेमकं किती?

बाळंतीण घरी येते तेव्हा कपाटाच्या एका कोपऱ्यात बाळाची औषधं मांडली जातात. त्यांत बहुतेक घरांत एक छोटी बाटली ‘ड’ जीवनसत्त्वाची असते. पुढे दोन-चार महिन्यांत तिच्या शेजारी दुसरी येते, लोहाची. दोन्ही १५ किंवा ३० मिलीच्या, दोन्हींच्या खोक्यात एकेक ड्रॉपर. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं असतं, ‘०.५ मिली रोज एकदा’ किंवा ‘१० थेंब’. घरातलं कुणीतरी ते वाचतं, बाळाचा गाल धरतं आणि थेंब सोडतं. इतकं सोपं काम. पण या दोन बाटल्यांच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका औषधाच्या निवडीत नसतात, मापात असतात. कारण थेंब हे माप नाही आणि एका बाटलीचं माप दुसऱ्या बाटलीला लागू होत नाही.

आधी ‘ड’ जीवनसत्त्वाचं बघू, कारण त्याचा हिशेब सरळ आहे. जन्मल्यापासून वर्षभर बाळाला रोज ४०० आययू, म्हणजे ४०० आंतरराष्ट्रीय एकक एवढा डोस पुरतो. भारतातले आणि अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ या आकड्यावर एकमताचे आहेत. परदेशी बाटलीवर हाच आकडा १० मायक्रोग्रॅम असा छापलेला असतो. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० एकक. बाळ अडीच किलोचं असो की सात किलोचं, नेहमीचा डोस तोच राहतो. खूप लवकर जन्मलेल्या बाळांना डॉक्टर कधी ८०० पर्यंत देतात, तो भाग वेगळा.

आईच्या दुधात सगळं असतं, मग हे वरून कशाला, असं घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटतं आणि ते वाटणं समजण्यासारखं आहे. पण ‘ड’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत आईचं दूध खरोखरच कमी पडतं. एक लिटर दुधात साधारणपणे शंभर एककंही नसतात, आणि लहान बाळ दिवसाला लिटरभर दूध पीत नाही. शिवाय बहुतेक आयांच्याच शरीरात हे जीवनसत्त्व पुरेसं नसतं. राहता राहिलं ऊन. आपल्याकडे तेल लावून, आंघोळ घालून बाळाला कोवळ्या उन्हात धरायची रीत आहे. बाळाला ऊब मिळते, आजीलाही बरं वाटतं. पण त्वचेत ‘ड’ तयार करणारे अतिनील किरण सकाळच्या तिरप्या उन्हात फार थोडे असतात. ते दुपारच्या उन्हात असतात आणि त्या उन्हात तान्ह्या बाळाला कुणी धरू नये. म्हणून थेंब. ते चुकले तर हाडं मऊ राहतात, पायांना बाक येतो, मनगटं जाड दिसू लागतात. मुडदूस म्हणतात तो हाच.

लोहाचं गणित मात्र वजनावर चालतं. पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं बाळ आईच्या पोटातून येतानाच चार ते सहा महिने पुरेल एवढी लोहाची शिदोरी घेऊन येतं. ती संपायला आली की वरून लोह लागतं, कारण आईच्या दुधातलं लोह अंगी चांगलं लागत असलं तरी ते असतं अगदी थोडं. अमेरिकेतले डॉक्टर अंगावर पिणाऱ्या बाळाला चौथ्या महिन्यापासून दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम लोह रोज द्यायला सांगतात. आपल्याकडे सरकारच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरुवात होते. आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप, ज्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. पाच वर्षांची होईपर्यंत मुलांना हेच सिरप मिळतं. आशाताई जी ५० मिलीची बाटली देतात ती हीच.

कमी वजनाच्या किंवा लवकर जन्मलेल्या बाळांची शिदोरी मुळातच लहान असते. आईकडून बाळाकडे लोह जातं ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, आणि ही बाळं त्या आधीच किंवा त्यातून अर्धवट बाहेर आलेली असतात. जन्मल्यानंतर ती झपाट्याने वाढतात आणि वाढत्या रक्तासाठी लोह आणखी लागतं. म्हणून त्यांना दर किलोमागे रोज २ ते ३ मिलिग्रॅम, आणि तेही लवकर, दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत डॉक्टर ठरवतील तेव्हा सुरू करतात. रक्त तपासून ॲनिमिया दिसला तर उपचाराचा डोस वेगळा, सहसा दर किलोमागे ३ मिलिग्रॅमपासून सुरू होणारा. हा डोस घरच्या घरी ठरवायचा नसतो. थॅलेसेमियातही हिमोग्लोबिन कमी असतं, पण वारंवार रक्त द्यावं लागणाऱ्या मुलाच्या शरीरात लोह आधीच साठत असतं. तिथे लोहाचे थेंब घातक ठरू शकतात.

आता बाटलीकडे येऊ.

‘ड’ जीवनसत्त्वाची औषधाच्या दुकानात मिळणारी बाटली हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. काही बाटल्यांत १ मिलीला ४०० एकक असतात, पुष्कळ बाटल्यांत ८०० असतात. पहिलीतून रोज १ मिली द्यायचा, दुसरीतून अर्धा. इथपर्यंत चूक झाली तरी ती दुप्पट-निम्म्याची असते आणि काही दिवस तशी गेल्याने बाळाला काही होत नाही. अमेरिकेतून किंवा युरोपातून आलेल्या काही बाटल्यांत मात्र एका थेंबातच ४०० एकक भरलेले असतात. पुण्या-मुंबईत अशा बाटल्या बऱ्याच घरांत येतात. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक येताना घेऊन येते किंवा भाऊ बॅगेतून पाठवतो. बाटली छोटी, सुबक, औषध उत्तम. पण ‘०.५ मिली’ असं लिहिलेलं इथलं प्रिस्क्रिप्शन तिला लावलं तर काय होईल? अर्ध्या मिलीत या तेलकट औषधाचे पंधरा थेंब धरले तरी ६,००० एकक झाले, म्हणजे पंधरा दिवसांचा डोस एका दिवशी.

हा प्रकार कल्पनेतला नाही. २०१० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच कारणासाठी पालकांना आणि कंपन्यांना इशारा दिला होता. ४०० एककांपेक्षा जास्त औषध मावेल असे ड्रॉपर काही बाटल्यांसोबत येत होते. पालक ड्रॉपर काठोकाठ भरून देतील ही भीती होती. खोक्यात ड्रॉपर मिळाला की तो पूर्ण भरायचा, असं माणसाला आपोआप वाटतं.

आपल्याकडे याहून वाईट गोंधळ होतो तो ६०,००० एककांच्या औषधाचा. मोठ्या माणसांना आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितलेली ती पुडी किंवा ५ मिलीची छोटी बाटली. एका पुडीत तान्ह्या बाळाचे १५० दिवसांचे डोस असतात. घरात सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आणलेली बाटली आणि नातवाची बाटली एकाच फळीवर असेल, आणि दोन्हींवर ‘डी-थ्री’ हीच अक्षरं ठळक असतील, तर रात्री झोपेतून उठून औषध देणाऱ्या माणसाकडून काय अपेक्षा करायची? ‘ड’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस वारंवार दिल्यामुळे दवाखान्यात दाखल करावी लागलेली बाळं भारतातल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेली आहेत. जास्त झालेलं ‘ड’ रक्तातलं कॅल्शियम वाढवतं. बाळ दूध ओढेनासं होतं, उलट्या करतं, शौचाला खडा होतो, लघवी खूप होते आणि तरी अंग सुकतं, वजन उतरतं. मूत्रपिंडात कॅल्शियम साठू शकतं. ‘ड’ चरबीत साठून राहतं, त्यामुळे औषध बंद केलं तरी त्रास लगेच थांबत नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला रोज १,००० आणि पुढे वर्षापर्यंत १,५०० एकक ही वरची मर्यादा मानतात; डॉक्टरांनी कारणाने सांगितल्याशिवाय ती ओलांडू नये.

लोहाच्या बाटल्यांत तर फरक आणखी मोठा. आपल्या बाजारात लहान बाळांच्या थेंबांत १ मिलीला १० मिलिग्रॅम लोह असलेली बाटली मिळते, २५ ची मिळते आणि ५० चीही मिळते. अमेरिकेतून आणलेल्या बाटलीत बहुधा १५ असतं. वर आणखी एक गुंता आहे. लोह बाटलीत सुटं नसतं, क्षाराच्या रूपात असतं, आणि लेबलवर कधी क्षाराचं वजन छापलेलं असतं, कधी लोहाचं, कधी दोन्ही. ७५ मिलिग्रॅम फेरस सल्फेट असं दिसलं तर त्यात प्रत्यक्ष लोह १५ मिलिग्रॅमच असतं. डॉक्टर डोस सांगतात तो प्रत्यक्ष लोहाचा. तेव्हा लेबलवर ‘एलिमेंटल आयर्न’ हे शब्द शोधायचे आणि त्यापुढचाच आकडा धरायचा. ते शब्द सापडले नाहीत तर केमिस्टला विचारायचं. त्याच्याकडून उत्तर मिळेपर्यंत बाटली उघडायची घाई नको.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा बाळ जन्मलं तेव्हा २.१ किलोचं होतं. दोन महिन्यांनी ते ४ किलोचं झालं आणि डॉक्टरांनी दर किलोमागे २ मिलिग्रॅम लोह सांगितलं. म्हणजे रोज ८ मिलिग्रॅम. त्यांनी डोळ्यांसमोर १० मिलिग्रॅमची बाटली धरून लिहिलं, ‘०.८ मिली रोज’. पहिली बाटली तीच मिळाली, सगळं ठीक चाललं. ती संपली तेव्हा बाबा दुसऱ्या दुकानात गेले. ‘ते नाहीये, हे द्या, हेही आयर्नच आहे,’ असं म्हणून दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली. ती ५० मिलिग्रॅमची. घरी ०.८ मिलीचा नेम चालूच राहिला. आता बाळाला रोज ४० मिलिग्रॅम मिळू लागलं, दर किलोमागे १०, म्हणजे हवं त्याच्या पाचपट. बाळ एका दिवसात गंभीर होणार नाही, पण पोट बिघडेल, उलट्या होतील, आणि घरचे म्हणतील, ‘आयर्न याला सोसत नाही.’ मग ते बंदच होईल.

उलटा प्रकार जास्त छुपा असतो. डॉक्टरांच्या मनात ५० मिलिग्रॅमची बाटली आहे, म्हणून त्यांनी ‘३ थेंब’ लिहिले; वीस थेंबांचा मिली धरला तर साडेसात मिलिग्रॅम. दुकानात १० ची मिळाली. तीन थेंबांत आता दीड मिलिग्रॅमच जातं. बाळ हसतंय, दूध पितंय, उलटी नाही की काही नाही. दोन महिन्यांनी तपासणीत हिमोग्लोबिन जिथल्या तिथे. आता डॉक्टर दुसऱ्या कारणांच्या मागे लागतात, आणखी तपासण्या होतात. बाटली कुणी विचारतच नाही. तेव्हा दवाखान्यात जाताना बाटली आणि ड्रॉपर दोन्ही पिशवीत टाका. डॉक्टरांना औषधाचं नाव सांगण्यापेक्षा ती बाटली दाखवणं जास्त कामाचं.

तोच बाळ चार महिन्यांनी साडेपाच किलोचा झाला की ८ ऐवजी ११ मिलिग्रॅम लागतात, म्हणजे १० च्या बाटलीतून १.१ मिली. ‘ड’ चा डोस तसाच, लोहाचा वाढला. हा बदल लक्षात ठेवायची जबाबदारी घरच्यांवर टाकू नये असं मला वाटतं. पण लसीकरणाला गेल्यावर वजन होतंच, तेव्हा ‘आयर्नचा डोस बदलायचा का?’ एवढा प्रश्न विचारून घ्यावा. आणि आशाताईंनी दिलेलं सिरप घरात असेल तर तेही सांगावं. सरकारी सिरप आणि खासगी डॉक्टरांचे थेंब दोन्ही एकदम चालू असलेली घरं असतात, कारण दोघांनीही चांगल्यासाठीच दिलेलं असतं.

आता थेंबाचं. ‘१ मिली म्हणजे २० थेंब’ हे सगळ्यांना पाठ असतं. ते खरं आहे, पण पाण्यासाठी, आणि ठरावीक नळीच्या ड्रॉपरसाठी. औषधशास्त्राच्या प्रमाणित ड्रॉपरचं टोक बाहेरून ३ मिलिमीटर रुंद असतं. तो सरळ उभा धरून, सेकंदाला एक या गतीने पाण्याचे २० थेंब सोडले की त्यांचं वजन साधारण १ ग्रॅम भरतं. यातली एकेक अट बदलली की थेंबाचं आकारमान बदलतं.

कारण थेंब पडतो कसा ते पाहा. टोकाच्या कडेला द्रव चिकटून लोंबतो, फुगत जातो, आणि त्याचं वजन त्या कडेची पकड सोडवण्याइतकं झालं की सुटतो. म्हणजे कड जितकी मोठी तितका थेंब मोठा. द्रवाच्या पृष्ठभागाचा ताण जितका कमी तितका थेंब लहान. पाण्याचा ताण तेलाच्या दुपटीहून जास्त असतो, म्हणून त्याच ड्रॉपरमधून तेलाचे थेंब जवळपास अर्ध्या आकाराचे पडतात आणि १ मिलीत चाळीसच्या आसपास भरतात. स्पिरिटचे तर साठेक होतात. ‘ड’ जीवनसत्त्व तेलात विरघळतं; त्यामुळे त्याच्या काही बाटल्या तेलकट असतात, काही ग्लिसरीनच्या किंवा इतर पाणीदार मिश्रणाच्या. लोहाची औषधं साखरेच्या पाकासारखी दाट. सगळ्यांना एकच ‘वीस थेंब’ कसं लागू होणार?

ड्रॉपर आडवा धरला तर द्रव कडेच्या एका बाजूलाच जमतो, थेंब लहान पडतो. रबर जोरात दाबलं तर दोन थेंब एकत्र येतात किंवा धारच लागते. आत हवेचा बुडबुडा असला तर शेवटचा थेंब फुटून उडतो. म्हणून थेंब मोजायचेच असतील तर ड्रॉपर सरळ उभा, टोक खाली, रबरावर हलका दाब, आणि एक पडल्यावर दुसरा. बाळाच्या तोंडावर धरून मोजू नका. बाळ मान फिरवतं, टोक ओठाला लागतं आणि मोजणी बिघडते. आधी स्वच्छ कोरड्या चमच्यात मोजून घ्या, मग बाळाला पाजा.

घरी एक खटपट करून पाहता येते. ‘ड’ ची बाटली, तिचा ड्रॉपर, स्टीलचा कोरडा चमचा आणि केमिस्टकडून आणलेली २ मिलीची नवी सिरिंज, सुई काढून टाकलेली. चमच्यात सावकाश २० थेंब मोजा, मग ते सगळं सिरिंजमध्ये ओढा आणि रेघ पाहा. १ मिली भरलं तर तुमचा ड्रॉपर वीसच्या हिशेबातला. ०.८ मिली भरलं तर त्याचे १ मिलीला २५ थेंब होतात. मग ८०० एककांच्या बाटलीतून १० थेंब दिले तर ४०० ऐवजी ३२० एकक गेले. एवढ्याने बाळाचं काही बिघडत नाही, आणि ही गोष्टही सांगायला हवी, कारण काही आया ‘एक थेंब जास्त पडला’ म्हणून रात्रभर जागतात. रोजच्या ‘ड’ मध्ये एक-दोन थेंबांचा फरक विसरून जायचा. सांभाळायचं ते पाचपट-पंधरापटीच्या चुकीला, आणि ती चूक थेंब मोजताना होत नाही. ती बाटली बदलल्यावर होते. दाट बाटलीत मात्र थेंबाचं वजन वाढतं. ५० मिलिग्रॅम लोहाच्या बाटलीत एका थेंबात अडीच मिलिग्रॅम असतं, तिथे तीनाचे पाच झाले तर डोस साडेसातवरून साडेबारावर जातो. चार-पाच किलोच्या बाळासाठी अशा बाटलीपेक्षा १० मिलिग्रॅमची बाटली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठं माप चुकवणं अवघड असतं. ‘डॉक्टर, यापेक्षा पातळ बाटली मिळेल का?’ असं विचारायला संकोच नको.

थेंबांपेक्षा मिली मोजणं केव्हाही चांगलं. बाटलीसोबतच्या ड्रॉपरवर रेघा असतात, काहींवर ०.५ आणि १, काहींवर ०.३, ०.६ अशा. औषध ओढल्यावर ड्रॉपर डोळ्यांच्या पातळीला सरळ धरा. वरची पातळी मध्ये खोलगट दिसते. त्या खोलगटाचा तळ रेघेवर आला पाहिजे. टोकाशी बुडबुडा असेल तर औषध परत बाटलीत सोडून पुन्हा ओढा. पातळी रेघेच्या वर गेली असेल तर जास्तीचं बाटलीत सोडा. अंदाजाने ‘थोडं कमी देऊ’ असं करू नका. ड्रॉपरवरच्या रेघांच्या मधलं, म्हणजे ०.८ मिलीसारखं माप असेल तर १ मिलीची तोंडावाटे औषध द्यायची सिरिंज घ्या. तिच्यावर दशांशाच्या रेघा असतात आणि ती फार महाग नसते. तिचं टोपण मात्र आधी काढून लांब ठेवा; बाळाच्या घशात अडकण्याएवढं ते लहान असतं.

इन्शुलिनची सिरिंज वापरू नका. घरात आजोबांना मधुमेह असेल तर ती हाताशी असते, बारीक रेघांची असते, मोह होतो. पण तिच्यावर मिली नसतात, इन्शुलिनची युनिटं असतात. आपल्याकडच्या नेहमीच्या ४० च्या सिरिंजमध्ये ४० युनिट म्हणजे १ मिली. एकीकडे औषधावर ‘४०० युनिट’, दुसरीकडे सिरिंजवर ‘४० युनिट’. दोन्हींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, पण अर्धवट झोपेत तो जोडला जातो.

ड्रॉपर फुटला, रबर सैल पडलं, की दुसऱ्या बाटलीचा ड्रॉपर लावायची सवय सोडा. ‘ड’ चा ड्रॉपर ‘ड’ लाच, लोहाचा लोहालाच. धुतल्यावर तो आतून पूर्ण कोरडा होऊ द्या, आत राहिलेल्या पाण्याने पुढचं माप चुकतं. बाटलीवर स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, ‘बाळाचं, रोज ०.५ मिली’, आणि उघडल्याची तारीख. घरात औषध देणारी तीन-चार माणसं असतील तर कॅलेंडरच्या चौकोनात एक खूण करा. ‘आईने दिलं असेल’ आणि ‘आजीने दिलं असेल’ यांत एकतर डोस दोनदा जातो किंवा जातच नाही. राहून गेला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका, नेहमीचाच द्या. औषध दिल्यावर बाळाने थोडं बाहेर काढलं तरी अंदाजाने पुन्हा देऊ नका.

देताना बाळाला थोडं उठवून मांडीवर घ्या, ड्रॉपर किंवा सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला, हिरडी आणि गालाच्या मध्ये धरा आणि थोडं थोडं सोडा. सरळ घशात सोडलं की ठसका लागतो. बोंडल्यातल्या दुधात मिसळू नका. बाळाने निम्मं दूध टाकलं तर निम्मं औषधही गेलं, आणि किती गेलं ते कुणालाच कळत नाही. शिवाय दूध लोहाला अंगी लागू देत नाही, म्हणून लोह दोन दुधांच्या मधे दिलेलं बरं. त्याच कारणाने कॅल्शियमचं औषधही लोहासोबत नको. लोहाने शी काळपट किंवा हिरवट काळी होते. घाबरायचं कारण नाही, बाकी सगळं ठीक असेल तर औषध चालू ठेवा. डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधी असेल किंवा त्यात लाल रक्त दिसलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा. दात आलेल्या बाळाच्या दातांवर डाग पडतात, ते नंतर निघतात. औषध दिल्यावर ओल्या स्वच्छ फडक्याने हिरड्या-दात पुसले की कमी पडतात. ताप, जुलाब, न्यूमोनियासारख्या आजारात सरकारी सिरप थांबवून बरं वाटल्यावर पुन्हा सुरू करायचं असतं.

शेवटची गोष्ट बाटली ठेवायच्या जागेची, आणि ती बाळापेक्षा त्याच्या दोन-तीन वर्षांच्या भावंडासाठी जास्त महत्त्वाची. लोहाचं औषध गोड असतं. दर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह एकदम पोटात गेलं की त्रास सुरू होऊ शकतो, ६० च्या पुढे गेलं तर जीव धोक्यात येतो. आशाताईंच्या ५० मिलीच्या भरल्या बाटलीत १,००० मिलिग्रॅम लोह असतं. दहा किलोच्या मुलाने ती संपवली तर दर किलोमागे १०० झालं. उलट्या, पोटदुखी, जुलाब होतात, कधी त्यात रक्त असतं. आणि मग काही तासांनी मूल बरं झाल्यासारखं दिसतं. त्या बरं दिसण्यावर विसंबू नका. लोह तोवर रक्तात शिरलेलं असतं आणि पुढे यकृताला इजा होऊन मूल अचानक कोसळू शकतं. उलटी करवायचा प्रयत्न न करता, रिकामी बाटली हातात घेऊन, १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने मोठ्या रुग्णालयात जा. तिथे लोह बाहेर काढणारं औषध देता येतं, पण ते वेळेत मिळावं लागतं.

तेव्हा बाटली उंच, कुलपाच्या कपाटात ठेवा, आणि पुढच्या वेळी डॉक्टर थेंब लिहून देतील तेव्हा त्याच कागदावर तीन गोष्टी मागून घ्या: एका वेळी किती मिलिग्रॅम किंवा किती एकक द्यायचं, १ मिलीत ते किती असलेली बाटली घ्यायची, आणि त्या बाटलीचे किती मिली होतात. नवी बाटली घेताना दुकानातच त्या कागदाशी लेबल ताडून पाहा. जुळलं नाही तर बाटली परत करा.